ज्युनियर सेफ्टी ऑफिसरच्या जागेसाठी डिप्लोमावाल्याचं कव्हर लेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सातारा एमआयडीसीतल्या एका मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत सेफ्टी डिपार्टमेंटला आहे. ज्युनियरची जागा निघाली की आलेले अर्ज वाचायचं काम बऱ्याचदा माझ्याकडंच येतं. कराड, मिरज, सांगली, फलटण, इस्लामपूर इकडच्या पोरापोरींचे फोन आणि मेसेज पण येत असतात, सर पत्रात काय लिहू म्हणून, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथं लिहून ठेवतोय.

कव्हर लेटर खरंच कोण वाचतं का? एचआरवाले तर नुसता रेझ्युमे बघतात ना?

पहिली चाळणी रेझ्युमेवरच होते, ते खरंय. डिप्लोमा आहे का, सेफ्टीचा कोर्स आहे का, कुठल्या साली पास, एवढं बघून एचआर वीस-पंचवीस अर्ज बाजूला काढतं आणि ते गठ्ठे सेफ्टी हेडच्या टेबलावर येतात. तिथं मात्र पत्र वाचलं जातं, कारण फ्रेशर पोरांचे रेझ्युमे एकमेकांपासून ओळखूच येत नाहीत. सिलॅबस तोच, सहा आठवड्यांचं इन-प्लँट ट्रेनिंग तेच, प्रोजेक्टची नावंसुद्धा तीच. मग हा पोरगा शॉप फ्लोअरवर उभा राहिला तेव्हा त्याला काय दिसलं हे कळायला पत्राशिवाय दुसरी जागा नसते. पत्र एक पानाचंच असू द्या, अडीचशे-तीनशे शब्द बास झाले.

ज्युनियर सेफ्टी ऑफिसर म्हणजे कायद्यातला सेफ्टी ऑफिसरच का?

नाही, आणि हे पत्र लिहायच्या आधी डोक्यात पक्कं बसायला पाहिजे. कायद्यातला सेफ्टी ऑफिसर ही वेगळी नेमणूक असते. फॅक्टरीज ॲक्ट 1948 च्या कलम 40ब मध्ये 1000 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला तो नेमावा लागायचा. 2020 चा व्यावसायिक सुरक्षा संहितेचा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला, त्यात हा आकडा 500 वर आलाय, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर 250. या नेमणुकीसाठी नुसता इंजिनियरिंगचा डिप्लोमा पुरत नाही. इंडस्ट्रियल सेफ्टीचा मान्यताप्राप्त डिप्लोमा लागतो, कारखान्यात सुपरवायझर म्हणून काढलेली काही वर्षं लागतात (डिप्लोमावाल्याला डिग्रीवाल्यापेक्षा जास्त), आणि बहुतेक कामगार जी भाषा बोलतात ती यायला लागते.

ज्युनियरची पोस्ट कंपनी स्वतःच्या सोयीनं काढते. तुम्ही त्या मुख्य ऑफिसरच्या हाताखाली काम करणार, म्हणजे सकाळी राउंड मारायचा, परमिटवर लिहिलंय तसं जागेवर आहे का ते बघायचं, फायर एक्स्टिंग्विशरचे टॅग तपासायचे, टूलबॉक्स टॉक घ्यायचा, निअर मिसचं रजिस्टर भरायचं. त्यामुळं पत्रात 'मी फॅक्टरी ॲक्टनुसार सेफ्टी ऑफिसरची सर्व जबाबदारी सांभाळू शकतो' असलं वाक्य आलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं, याला आपण कुठल्या जागेसाठी अर्ज करतोय तेच माहीत नाही. त्यापेक्षा 'आपल्या सेफ्टी ऑफिसरांच्या मार्गदर्शनाखाली रोजची तपासणी आणि नोंदी सांभाळायला तयार आहे' असं सरळ लिहा. फ्रेशरकडून एवढीच अपेक्षा असते आणि ते समजून लिहिणारे थोडे असतात.

मग पत्रात नेमकं काय लिहायचं?

ट्रेनिंगमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला एक धोका. एकच, पण नीट. तो कुठं होता, मोजला कसा, तसा का राहिला होता, कुणाला सांगितलं, पुढं काय बदललं आणि त्यातलं तुमचं काम कुठपर्यंत होतं. एवढं एका पॅराग्राफात आलं तर बाकीचं पत्र साधं असलं तरी चालतं.

उदाहरणच घेऊ. मिरजेच्या एका मेकॅनिकल डिप्लोमाच्या पोरानं मला आधी असं लिहून पाठवलं होतं: 'मी इन-प्लँट ट्रेनिंगदरम्यान सुरक्षिततेचे महत्त्व जाणून घेतले व पीपीई वापराबाबत जनजागृती केली.' यात खोटं काहीच नाही पण यातून काहीच कळत पण नाही, हे वाक्य कुणीही कुठल्याही कंपनीसाठी लिहू शकतो. त्याला फोन लावला आणि विचारलं, तू रोज कुठं उभा असायचास? म्हणाला मशीन शॉपमध्ये, टूल रूमच्या बाजूला. तिथं काय होतं? बेंच ग्राइंडर. त्यात काय बघितलंस? मग त्याची गाडी सुरू झाली.

ग्राइंडरच्या व्हीलसमोर जो टूल रेस्ट असतो, ज्यावर जॉब किंवा टूल टेकवून घासतात, त्यात आणि व्हीलमध्ये 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको असते. वरच्या बाजूला गार्डला जी जीभ असते तिची फट 6 मिलिमीटरच्या आत पाहिजे. व्हील झिजत जातं तशी या दोन्ही फटी वाढत जातात. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, मशीन रोज चालू असतं आणि फट रोज थोडी थोडी मोठी होत असते. खालची फट मोठी झाली की घासायला धरलेला छोटा तुकडा व्हील आणि रेस्टच्या मधे ओढला जातो, अडकतो, बोट त्याच्यामागं जाऊ शकतं, आणि व्हीलला झटका बसून ते फुटू पण शकतं. वरची फट मोठी असेल तर फुटलेले तुकडे गार्डच्या आत राहायच्या ऐवजी समोरच्या माणसाच्या तोंडावर येतात.

या पोरानं स्टीलच्या पट्टीनं फट मोजली तर 11 मिलिमीटर भरली, अर्थात मशीन बंद करून, व्हील पूर्ण थांबल्यावर. सुपरवायझरला सांगितलं, त्यांनी मेंटेनन्सला बोलावून लगेच ॲडजस्ट करून घेतलं. इथपर्यंत ठीक. पण त्यानं पुढं ऑपरेटरला विचारलं, दादा ही अशी का राहती हो? तर ऑपरेटर म्हणाला, रेस्टचा नट ढिला करायचा पाना मेंटेनन्सच्या स्टोअरमध्ये, आणायला जायचं म्हणजे सही करा, थांबा, कोण जातंय. खरं कारण इथं सापडलं. मग सुपरवायझरच्या परवानगीनं पाना साखळीनं ग्राइंडरच्या स्टँडलाच अडकवला, आणि शेजारी 3 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा एक तुकडा पण टांगला, म्हणजे पट्टी नको का काही नको, तो तुकडा फटीत सहज गेला की समजायचं ॲडजस्ट करायची वेळ झाली. दर सोमवारी बघायचं आणि मशीनजवळच्या कार्डावर सही करायची.

मी त्याला म्हटलं, अरे एवढं सगळं तुझ्याकडं आहे आणि तू 'जनजागृती' लिहितोयस.

पूर्ण पत्र कसं दिसेल, दाखवा ना.

त्याच पोराचं शेवटचं पत्र देतो, ओळख पटेल असं सगळं काढलंय. हे जसंच्या तसं उचलू नका, कारण तुमचा ग्राइंडर दुसरा असणार.

> प्रति,
> मनुष्यबळ विभाग,
> (कंपनीचं नाव, पत्ता)
>
> विषय: ज्युनियर सेफ्टी ऑफिसर पदासाठी अर्ज
>
> महोदय/महोदया,
>
> आपल्या सातारा येथील प्लँटसाठी ज्युनियर सेफ्टी ऑफिसरची जागा असल्याचे जाहिरातीवरून समजले. मी मेकॅनिकल इंजिनियरिंगचा डिप्लोमा आणि त्यानंतर इंडस्ट्रियल सेफ्टीचा एक वर्षाचा डिप्लोमा पूर्ण केला आहे. संस्था, मंडळ व उत्तीर्ण झाल्याचे वर्ष सोबतच्या रेझ्युमेत आहे.
>
> कुपवाड एमआयडीसीतील मशीन शॉपमध्ये सहा आठवड्यांचे ट्रेनिंग करताना बेंच ग्राइंडरचा टूल रेस्ट आणि व्हील यांतील फट 3 मि.मी. ऐवजी 11 मि.मी. असल्याचे मला दिसले. मी ते सुपरवायझरांच्या लक्षात आणून दिले व मेंटेनन्सने त्याच दिवशी फट दुरुस्त केली. ऑपरेटरशी बोलल्यावर कळले की ॲडजस्ट करण्याचा पाना स्टोअरमध्ये असल्याने हे काम मागे पडत होते. सुपरवायझरांच्या परवानगीने पाना मशीनच्या स्टँडला लावण्यात आला, 3 मि.मी. पत्र्याचा गेज जवळ टांगण्यात आला, आणि साप्ताहिक तपासणीचे कार्ड मी तयार केले. माझे ट्रेनिंग संपेपर्यंत ते कार्ड नियमित भरले जात होते.
>
> याशिवाय सेफ्टी ऑफिसरांसोबत हॉट वर्क परमिटची जागेवरील तपासणी आणि एक मॉक ड्रिल मी पाहिले आहे. परमिट देण्याचा अनुभव मला नाही.
>
> आपल्या प्लँटमध्ये मशीनिंग आणि फॅब्रिकेशन दोन्ही असल्याचे जाहिरातीत आहे. आपल्या सेफ्टी ऑफिसरांच्या मार्गदर्शनाखाली रोजची तपासणी, नोंदी आणि टूलबॉक्स टॉकची जबाबदारी घेण्यास मी तयार आहे. मराठी व हिंदी दोन्ही भाषांत मी कामगारांशी बोलू शकतो. तिन्ही शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी आहे आणि निवड झाल्यास साताऱ्यात राहण्यास येईन.
>
> मुलाखतीची संधी द्यावी ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (नाव, मोबाइल नंबर)

आमच्या हेडनं या पत्रात पेनानं कुठं खूण केली माहितीय? 'परमिट देण्याचा अनुभव मला नाही' या ओळीवर. कारण जो माणूस न केलेलं काम केलं म्हणून सांगत नाही, तो उद्या न बघितलेल्या जागेच्या परमिटवर सही करणार नाही. या नोकरीत सगळ्यात आधी हेच बघतात.

ट्रेनिंगच्या कंपनीतली चूक लिहिली तर त्यांची बदनामी नाही का होणार?

रास्त शंका आहे. रेझ्युमेत कंपनीचं नाव असतंच, त्यामुळं पत्रात सूर सांभाळायला लागतो. 'तिथं सेफ्टीकडं कुणी लक्ष देत नव्हतं' असं कधीही लिहू नका, वाचणारा लगेच विचार करतो की हा उद्या आमच्याबद्दल पण असंच लिहील. जे दिसलं आणि जे सुधारलं तेवढंच लिहा, दोष कुणाचा ते लिहू नका. वरच्या पत्रात बघा, सुपरवायझरनं ऐकलं, मेंटेनन्सनं त्याच दिवशी केलं, म्हणजे कंपनीची बाजू चांगलीच दिसते. पत्रात उदाहरण देणार म्हणून ट्रेनिंगच्या सुपरवायझरला एक फोन करून विचारून घ्या. आणि एखाद्या कामगाराला खरंच इजा झालेली असेल तर ती गोष्ट पत्रासाठी वापरू नका, त्याचं नाव, फोटो, रिपोर्ट काही नको. प्लँटच्या आतले फोटो तर अजिबात जोडायचे नाहीत, बहुतेक कंपन्यांत मोबाइल कॅमेऱ्याला बंदी असते आणि तुम्ही तिथंच नियम मोडलेला दिसतो.

मी ट्रेनिंगमध्ये काहीच 'केलं' नाही, नुसतं बघितलंय. मग?

मग 'बघितलं' असंच लिहा. सेफ्टीत नीट बघणं हे पण कामच आहे. फक्त बघितलं, मदत केली आणि स्वतः केलं या तीन गोष्टी एकमेकांत मिसळू नका. मॉक ड्रिलला तुम्ही असेंब्ली पॉइंटवर उभं राहून हजेरी मोजली असेल तर 'असेंब्ली पॉइंटवर हजेरी मोजायला मदत केली' लिहा, 'मॉक ड्रिल आयोजित केले' नको. हजेरीत किती माणसं कमी भरली, ती कुठं होती, ती कशी सापडली हे सांगता आलं तर ती मदत 'आयोजित केले'पेक्षा वजनदार वाटते.

आणि ट्रेनिंग फाउंड्रीत झालं असेल, साखर कारखान्यात झालं असेल, सूतगिरणीत झालं असेल, कुठंही बघण्यासारखं निघतंच. क्रेनच्या स्लिंगवर किती टनाचं ते लिहिलेलं टॅग होतं का? एक्स्टिंग्विशरच्या पुढं मटेरियल रचून ठेवलं होतं का? गॅस कटिंगचा सिलिंडर साखळीनं बांधलेला होता का नुसता भिंतीला टेकवलेला? डायरी काढून बसा, नक्की आठवेल.

उपाय म्हणून हेल्मेट, गॉगल, ग्लोव्हज लिहिलं तर चालेल?

शेवटी लिहा, सुरुवातीला नको. सेफ्टीच्या अभ्यासक्रमात तुम्ही उपायांची उतरंड शिकलेला असता. धोका काढूनच टाकता येतो का, तो नाही तर कमी धोक्याचं काही वापरता येतं का, मग मशीनला गार्ड, मग काम करायची पद्धत आणि ट्रेनिंग, आणि सगळ्यात शेवटी पीपीई. पत्रात नव्वद टक्के पोरं थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात. ग्राइंडरच्या गोष्टीत गॉगल आहेच, घालायलाच पाहिजे, पण गॉगल घालून फट 11 मिलिमीटरच ठेवली तर बोट वाचत नाही. आणि ग्लोव्हजचं तर ग्राइंडरवर उलटंच होऊ शकतं, सैल ग्लोव्ह फिरत्या व्हीलनं ओढला की हात सोबत जातो. हे ज्याला कळतं त्याच्या पत्रात ते आपोआप दिसतं.

'शून्य अपघाताचे ध्येय', हिरा, आयएसओ 45001 असे शब्द टाकले तर इम्प्रेशन पडतं का?

शब्द टाकायचे असतील तर त्याच्यावर पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे, एवढीच अट. 'माझ्या ट्रेनिंगच्या काळात शून्य अपघात' हे लिहूच नका. सहा आठवड्यांत अपघात झाला नाही यात ट्रेनीचा काय हात? उलट एखादा निअर मिस तुम्ही रजिस्टरमध्ये नोंदवला असेल तर ते लिहा. नोंदी वाढल्या म्हणजे कंपनी वाईट असं नसतं, लोक सांगायला लागलेत असा त्याचा अर्थ असतो, आणि सेफ्टीतल्या माणसाला हे बरोबर कळतं. हिरा म्हणजे धोके शोधून त्यांची तीव्रता ठरवायची पद्धत, ती एका मशीनसाठी जरी तुम्ही कागदावर करून बघितली असेल तर त्या मशीनचं नाव लिहा. आयएसओचं ऑडिट चालू असताना तुम्ही फक्त फायली नेऊन देत होता तर तेवढंच सांगा, नाहीतर विषयच काढू नका.

मी तीन महिन्यांचा फायर अँड सेफ्टीचा प्रायव्हेट कोर्स केलाय. तो सेफ्टी डिप्लोमा म्हणून लिहू का?

नको. कोर्सचं सर्टिफिकेटवर छापलंय तेच पूर्ण नाव, संस्था, किती महिने आणि कुठल्या मंडळाची मान्यता आहे ते लिहा, मान्यता नसेल तर गप्प राहून नुसतं कोर्सचं नाव. कंपन्या हे तपासतात, कारण उद्या अनुभव झाल्यावर तुम्हाला कायद्यातल्या ऑफिसरच्या पोस्टवर घ्यायचं म्हटलं तर कागद दाखवायला लागतात. महाराष्ट्रात तंत्रशिक्षण मंडळाचा इंडस्ट्रियल सेफ्टीचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा आहे, मुंबईत सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा कोर्स आहे, ही नावं वाचणाऱ्याला पाठ असतात. तुमचा मान्यताप्राप्त कोर्स अजून चालू असेल तर 'शिकत आहे, परीक्षा अमुक महिन्यात' असं लिहा, ते चालतं.

अप्रेंटिसशिपचं पण तसंच. वर्षभर अप्रेंटिस होता तर अप्रेंटिस म्हणूनच लिहा, डिपार्टमेंटचं नाव घालून. ते सुपरवायझरचा अनुभव म्हणून धरलं जात नाही, पण मशीनसमोर वर्ष काढलंय याला ज्युनियरच्या पोस्टला चांगली किंमत आहे.

पत्र मराठीत लिहू का इंग्रजीत?

जाहिरात ज्या भाषेत आलीय त्या भाषेत. शिरवळ-खंडाळ्याच्या मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती बहुतेक इंग्रजीत असतात, मग पत्र इंग्रजीत. पेपरात मराठी जाहिरात आली असेल तर मराठीत बिनधास्त लिहा. इंग्रजीत लिहिताना छोटी वाक्यं करा, आधी मराठीत सगळी गोष्ट लिहून काढा आणि मग इंग्रजी करा, नाहीतर ग्राइंडर राहतो बाजूला आणि नुसती विशेषणं उरतात.

भाषेचा मुद्दा पत्रात मात्र नक्की आणा. आपल्याकडच्या फाउंड्री आणि फॅब्रिकेशनमध्ये गावाकडची माणसं असतात आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची पण असतात. टूलबॉक्स टॉक दोन्ही भाषांत घेता येणं ही तुमची खरी जमेची बाजू आहे.

शिफ्ट, राहणं, पगार यातलं काय लिहायचं?

शिफ्टला तयार असाल तर एक ओळ लिहा. रात्रीच्या शिफ्टला सेफ्टीचं माणूस कमी असतं, त्यामुळं या ओळीकडं लक्ष जातं. सांगलीहून शिरवळला रोज जाऊन-येऊन नोकरी होत नाही, तेव्हा 'राहायला येईन' हे स्पष्ट लिहा, कारण चार महिन्यांत लांब पडतंय म्हणून सोडून गेलेली पोरं एचआरनं बघितलेली असतात. पगार जाहिरातीत विचारला असेल तरच.

मेल कसा पाठवायचा?

विषयाच्या ओळीत पोस्टचं नाव, प्लँटचं ठिकाण आणि तुमचं नाव. पत्र आणि रेझ्युमे पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव दिलेलं. सर्टिफिकेटं मागितली नसतील तर जोडू नका. पाठवायच्या आधी कंपनीचं नाव परत एकदा वाचा, सकाळी पाच अर्ज एकदम पाठवले की दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून जातं, आणि चेकलिस्ट भरायच्या पोस्टसाठी ही चूक फार महागात पडते.

मुलाखतीत पत्रावरून काय विचारतात?

पत्रात जे लिहिलंय तिथंच खणतात. ग्राइंडर लिहिला असेल तर पुढं हे येणारच: नवीन व्हील बसवायच्या आधी काय बघशील? व्हीलवर छापलेला जास्तीत जास्त आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नाही ना, हे आधी. मग व्हील कोरडं असताना लाकडी मुठीनं हलकं टिचकवून आवाज ऐकायचा, खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर तडा असू शकतो, ते व्हील वापरायचं नाही. बसवल्यावर गार्ड लावून, बाजूला उभं राहून थोडा वेळ रिकामं फिरवायचं आणि मगच काम सुरू. टूल रेस्ट चालू मशीनवर ॲडजस्ट करशील का, असं पण मुद्दाम विचारतात. उत्तर एकच, नाही.

पुढचा प्रश्न माणसांचा असतो. ऑपरेटर वीस वर्षं जुना आहे, तो म्हणतो पोरा तू मला शिकवणार का, मग काय करशील? इथं 'मॅनेजमेंटला रिपोर्ट करीन' हे पहिलं उत्तर नको. मिरजेच्या त्या पोरानं सांगितलं, सर मी त्यांना विचारलं ही फट का राहती, आणि पाना लांब आहे हे त्यांनीच मला सांगितलं. तरी पण ऐकलं नाही आणि धोका समोर आहे तर? तर मशीन थांबवायला सुपरवायझरला बोलवायचं, तिथून हलायचं नाही, आणि नोंद करायची. या क्रमानं सांगा.

जे माहीत नाही त्याला 'माहीत नाही, बघून सांगतो' म्हणा. केमिकल प्लँटचा प्रश्न मशीन शॉपवाल्याला विचारून बघतात, फक्त तो थापा मारतो का ते बघायला.

उत्तर आलं नाही तर परत विचारू का?

जाहिरातीतली शेवटची तारीख गेल्यावर आठवडाभरानं एक छोटा मेल करा, आधीच्याच मेलला रिप्लाय म्हणून, दोन ओळींचा. गेटवर जाऊन सिक्युरिटीकडं रेझ्युमे द्यायची आपल्याकडं पद्धत आहे, छोट्या कंपन्यांत ती अजून चालते, पण मेल केलेला असेल तर गेटवरच्या कॉपीवर मेलची तारीख लिहा म्हणजे एचआरला दोन अर्ज वेगळे वाटत नाहीत. त्यानंतर पण काही आलं नाही तर पुढच्या कंपनीला लिहा, पण पत्रातला चौथा पॅराग्राफ, जिथं त्यांच्या प्लँटबद्दल लिहिलंय, तो प्रत्येक वेळी नव्यानं लिहायचा. फाउंड्री असेल तर उष्णता आणि वितळलेल्या धातूचं काम, फॅब्रिकेशन असेल तर वेल्डिंग आणि उंचीवरचं काम, त्यांच्याकडं जे चालतं त्याचाच उल्लेख तिथं आला पाहिजे.